व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला फीड ‘पचत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं?

आयसीयूचे डॉक्टर दिवसातून एकदा बाहेर येऊन नातेवाइकांना रुग्णाची स्थिती सांगतात. बीपी, ऑक्सिजन, किडनी असं सगळं सांगून झालं की एखाद्या दिवशी एक वाक्य कानावर पडतं: ‘आज फीड टॉलरेट झालं नाही.’ ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की आपलं माणूस उपाशी आहे. मग प्रश्न सुरू होतात. पोट बंद पडलं का? नुसत्या सलाइनवर किती दिवस निघणार? घरून पेज किंवा मुगाचं कढण आणून नळीतून घातलं तर?

यातल्या बहुतेक रुग्णांचं आतडं ठीकठाक असतं. अडतं ते त्याच्या आधी, जठरात. त्यावर उपाय आहेत आणि त्यांना क्रम आहे. तो क्रम समजला, तर डॉक्टर आज फीड कमी का करताहेत, उद्या एक इंजेक्शन का वाढवताहेत आणि परवा नाकातून आणखी एक नळी घालायची परवानगी का मागताहेत, हे कळतं. एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगतो: फीड परत आलं की ते बंद करून टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे, आणि बहुतेक वेळा तोच चुकीचा असतो.

जठर मंदावतं कशानं?

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गिळता येत नाही, म्हणून नाकातून जठरापर्यंत नळी घालतात. आपल्याकडे तिला सगळे रायल्स ट्यूब किंवा नुसतं ‘आरटी’ म्हणतात. तिच्यातून पातळ अन्न जठरात पडतं. जठराचा खालचा भाग आकुंचन पावत ते पुढे ढकलतो, पायलोरस नावाचा स्नायूचा दरवाजा थोडा थोडा उघडतो आणि अन्न लहान आतड्यात उतरतं. पोषण शोषून घेण्याचं जवळजवळ सगळं काम लहान आतड्यात होतं. जठर हे साठवायचं आणि बेताबेतानं पुढे सोडायचं ठिकाण आहे.

हे टोलनाक्यासारखं आहे. नाक्यावरची माणसं सुस्तावली की मागे रांग लागते, पण नाक्यापुढचा रस्ता मोकळाच असतो. अशा वेळी तीन गोष्टी करता येतात. मागून येणाऱ्या गाड्या कमी करायच्या, नाक्यावरच्या लोकांना घाई करायला लावायची किंवा नाका टाळून बाह्यवळणानं गाड्या काढायच्या. या लेखातले तीन उपाय याच तीन प्रकारचे आहेत.

गंभीर आजारात जठराचे हे आकुंचन क्षीण होतात आणि पायलोरस आवळलेला राहतो. लहान आतड्यात थोडंसं जरी अन्न पोचलं, तरी तिथून ‘थांबा’ असा संदेश नेहमीपेक्षा जोरात मागे येतो. मूळ आजाराचा, म्हणजे शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गाचा, डोक्याच्या इजेचा किंवा भाजण्याचा यात वाटा असतोच. पण बराचसा हातभार आपल्याच उपचारांचा असतो, आणि ते नातेवाइकांना क्वचितच कोणी सांगतं. वेदना कमी व्हाव्यात आणि रुग्ण व्हेंटिलेटरशी झगडू नये म्हणून दिलेली फेंटानिल, मॉर्फिन ही औषधं जठर आणि आतडं दोन्ही मंद करतात. बीपी टिकवणारी नॉरअॅड्रेनालिनसारखी औषधंही तेच करतात. रक्तातली साखर वाढली किंवा पोटॅशियम उतरलं, तरी त्यात भर पडते. म्हणूनच जठराचं औषध सुरू करण्याआधी या यादीतलं काय काय दुरुस्त करता येईल, हे पाहावं लागतं.

नळीतून परत किती आलं, याला महत्त्व किती?

नर्स दर काही तासांनी नळीला सिरिंज लावून जठरात उरलेलं बाहेर ओढून मोजते. वॉर्डाच्या भाषेत याला ‘अॅस्पिरेट’ म्हणतात. पूर्वी दीडशे-दोनशे मिली निघाले की फीड बंद करायची पद्धत होती, आणि अजूनही ती बऱ्याच ठिकाणी आहे. पोट भरलेलं राहिलं तर अन्न उलटून घशात येईल, श्वासनलिकेत उतरेल आणि न्यूमोनिया होईल, अशी त्यामागची भीती.

भीती रास्त आहे, पण आकडा चुकीचा होता. निरोगी माणूस दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ गिळतो आणि जठर स्वतः दोन लिटरच्या आसपास रस सोडतं. म्हणजे फीडचा एक थेंब न घालताही जठरात तासाला शंभर मिलीहून अधिक द्रव येऊ शकतो. सहा तासांनी अडीचशे मिली निघाले, तर त्यात फीड किती आणि आपलाच पाचक रस किती, हे नुसत्या मापावरून सांगता येत नाही.

फ्रान्समध्ये २०१३ साली याची थेट परीक्षा झाली. व्हेंटिलेटरवरच्या साडेचारशेच्या आसपास रुग्णांपैकी निम्म्यांचं अॅस्पिरेट नियमित मोजलं आणि उरलेल्यांचं मोजलंच नाही, फक्त उलटी होते का यावर लक्ष ठेवलं. व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया दोन्ही गटांत जवळपास सारखाच झाला, सुमारे सोळा टक्के. न मोजलेल्या गटाला अन्न मात्र जास्त मिळालं. आता अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात, की अॅस्पिरेट नेहमी मोजायची गरज नाही, आणि मोजलंच तर पाचशे मिलीच्या आत असताना, दुसरी काही लक्षणं नसतील तर, फीड थांबवू नका. युरोपातल्या सूचनांमध्येही सहा तासांत पाचशे मिली हीच रेषा आहे.

माझं मत विचाराल, तर ज्या आयसीयूत एका नर्सकडे तीन-चार रुग्ण असतात, तिथे मोजणं अजिबात सोडू नये. सतत खाटेजवळ कोणी नसेल, तर उलटी वेळेवर दिसेलच असं नाही. मोजावं, पण त्या आकड्याबरोबर पोट हातानं दाबून पाहावं. मऊ आहे की फुगून ताठ झालंय, उलटी झाली का, शौचाला कधी झालं होतं, अॅस्पिरेटचा रंग कसा आहे, हे सगळं एकत्र पाहून ठरवावं.

एका रुग्णाचं उदाहरण

समजावून सांगण्यासाठी एक काल्पनिक रुग्ण घेऊ. अशा प्रसंगांचा क्रम साधारण असाच असतो. वय पन्नाशीच्या पुढे, वजन साठ किलो. न्यूमोनिया बळावून दोन्ही फुप्फुसं भरली आणि व्हेंटिलेटर लागला. बीपी पडलं म्हणून नॉरअॅड्रेनालिन सुरू झालं, झोपेसाठी मिडॅझोलाम आणि वेदनेसाठी फेंटानिल.

पहिल्या दिवशी फीड दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. नॉरअॅड्रेनालिनचा डोस तासागणिक वाढत होता. अशा वेळी आतड्याला रक्त कमी पोचतं. त्यात अन्न टाकून त्याला कामाला लावलं, तर आतड्याचा भाग काळा पडण्याचा धोका असतो. शॉकमधल्या, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त कमी पडणाऱ्या, व्हेंटिलेटरवरच्या सुमारे चोवीसशे रुग्णांवर फ्रान्समध्ये मोठा अभ्यास झाला होता. त्यात सुरुवातीपासून नळीतून पूर्ण फीड घेणाऱ्यांपैकी १९ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, शिरेतून पोषण घेणाऱ्यांपैकी ५ जणांच्या. प्रमाण कमी आहे, पण ज्याला होतं त्याच्यासाठी ते जिवावरचं असतं.

दुसऱ्या दिवशी डोस स्थिर झाला, अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारं रक्तातलं लॅक्टेट उतरू लागलं. मग पंपावर ताशी वीस मिलीनं फीड सुरू केलं. आतड्याचा आवाज स्टेथोस्कोपनं ऐकू येईपर्यंत थांबले नाहीत. तो आवाज मुख्यतः हवेचा असतो आणि त्यावरून आतडं शोषतंय की नाही, हे कळत नाही.

तिसऱ्या दिवशी वेग चाळीसवर नेला. सहा तासांनी अॅस्पिरेट ३५० मिली, रंग पिवळट, पोट मऊ, उलटी नाही. फीड चालूच ठेवलं. पुढच्या सहा तासांनी मात्र ५५० मिली निघाले, घोटभर उलटी झाली आणि पोट थोडं तटतटलं. आता नुसतं बघत राहणं बरोबर नव्हतं.

आधी दुरुस्त करण्याजोगं काय आहे, ते शोधलं. एक्स-रेत रायल्स ट्यूबचं टोक जठराच्या अगदी वरच्या तोंडाशी आलेलं दिसलं. चिकटपट्टी सैल होऊन नळी थोडी बाहेर सरकली होती. ती आत नेऊन नीट बांधली. पोटॅशियम ३.१ होतं, ते चारच्या वर आणायला घेतलं. साखर २६० होती, ती १८० च्या खाली ठेवण्यासाठी इन्शुलिन वाढवलं. फेंटानिल निम्म्यावर आणलं. तीन दिवस शौचाला झालं नव्हतं, त्याची सोय केली. खाटेचा डोक्याकडचा भाग अंग पुसताना खाली केलेला तसाच राहिला होता, तो परत तीस ते पंचेचाळीस अंशांवर घेतला. यातलं काहीही महागडं नाही. यात चुकारपणा झाला, तर पुढची औषधं आणि नळ्या निम्म्याच उपयोगाच्या ठरतात.

ताशी वीस मिलीनं काय होणार?

त्याच वेळी फीडचा वेग पुन्हा ताशी वीसवर आणला. ताशी दहा ते वीस मिली अशा अगदी थोड्या फीडला ट्रॉफिक फीड म्हणतात. या रुग्णाला दिवसाला साधारण पंधराशे कॅलरी हव्यात, किलोमागे पंचवीस या हिशेबानं. एक मिलीत एक कॅलरी असलेलं फीड ताशी वीसनं दिलं, तर दिवसाला ४८० कॅलरी होतात. म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश.

हे भागतं कसं, असा प्रश्न येणारच. या थोड्या अन्नाचा पहिला उद्देश रुग्णाचं पोट भरणं हा नसतो. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपलं बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. अन्न यायचं थांबलं की हे अस्तर पातळ होतं आणि पित्त व पाचक रस सुटायचे कमी होतात. थोडं अन्न सतत येत राहिलं, तर आतडं कामात राहतं आणि नंतर वेग वाढवणं सोपं जातं. शिवाय गंभीर आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर स्वतःचे साठे मोडून ऊर्जा तयार करत असतं. बाहेरून कितीही ओतलं तरी ही मोडतोड थांबत नाही, उलट साखर वाढते.

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ईडन’ अभ्यासात फुप्फुसांना तीव्र इजा झालेले, व्हेंटिलेटरवरचे हजार रुग्ण होते. निम्म्यांना पहिले सहा दिवस ट्रॉफिक फीड मिळालं, रोज सुमारे चारशे कॅलरी. उरलेल्यांना पूर्ण फीड, सुमारे तेराशे. साठ दिवसांतला मृत्युदर २३ आणि २२ टक्के, म्हणजे सारखाच. व्हेंटिलेटर सुटण्यातही फरक पडला नाही. उलट्या आणि अॅस्पिरेट वाढणं मात्र ट्रॉफिक गटात कमी. वर्षभरानं वाचलेल्यांची चालण्याफिरण्याची ताकद तपासली, तेव्हाही दोन्ही गट सारखे निघाले.

या निकालावरून आपल्याकडे सरसकट निष्कर्ष काढू नये, असं मला वाटतं. त्या रुग्णांचा सरासरी बीएमआय तीसच्या आसपास होता, म्हणजे ते अंगानं स्थूल होते. आपल्या सरकारी रुग्णालयात येणारा चाळीस किलोचा, आधीच टीबीनं किंवा दारूनं खंगलेला माणूस त्यांच्यात नव्हता. त्याच्याकडे मोडून खायला साठाच नसतो. त्याला आठवडाभर ट्रॉफिकवर ठेवणं म्हणजे उपासमार. पण त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण फीड देणंही धोक्याचं असतं. बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं, की रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं पेशींत शिरतं आणि त्याची रक्तातली पातळी कोसळते. त्यामुळे हृदय आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. म्हणून त्याची सुरुवात कमीवरच होते, रोज फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून काही दिवसांत वेग वाढवत नेतात.

तोवर सलाइनमधून ताकद द्या, असा आग्रह नातेवाईक धरतात. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाइनमध्ये पन्नास ग्रॅम साखर असते, म्हणजे दोनशे कॅलरीही नाहीत आणि प्रथिनं शून्य. ताशी वीस मिलीचं फीड त्याहून दुपटीपेक्षा जास्त देतं, आणि तेही आतड्याला कामात ठेवून.

जठराला हलवणारी औषधं, आणि ती लवकर बंद का करतात

आपल्या रुग्णाला कमी वेगावर चोवीस तास ठेवूनही अॅस्पिरेट चारशेच्या वर राहिलं. मग जठराला गती देणारी औषधं सुरू केली. यांना प्रोकायनेटिक म्हणतात, आणि आयसीयूत मुख्यतः दोन वापरतात.

पहिलं मेटोक्लोप्रमाइड, दहा मिलीग्रॅम शिरेतून, दिवसातून तीन वेळा. शरीरातलं डोपामाइन जठराची हालचाल दाबतं. हे औषध डोपामाइनची जागा अडवतं. किडनी बिघडलेली असेल तर डोस निम्मा करतात. कधीकधी मान किंवा जबडा वाकडा होणं, डोळे वर जाणं असा स्नायूंचा ताठरपणा येतो. झोपेच्या औषधावरच्या रुग्णात तो पटकन लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम बघावा लागतो.

दुसरं एरिथ्रोमायसिन. हे प्रतिजैविक आहे, पण जठरासाठी त्याचा डोस जंतुसंसर्गाच्या डोसापेक्षा बराच कमी असतो, शंभर ते अडीचशे मिलीग्रॅम, दिवसातून दोन-तीन वेळा. शरीरात मोटिलिन नावाचं संप्रेरक जठराच्या आकुंचनाच्या लाटा सुरू करतं. एरिथ्रोमायसिन त्याच्याच कुलुपात बसतं. ते दोहोंत जास्त परिणामकारक आहे आणि युरोपातल्या सूचना त्यालाच पहिली पसंती देतात. दोन्ही एकत्र दिली तर परिणाम आणखी चांगला मिळतो, पण जुलाबही जास्त होतात.

देण्याआधी ईसीजी काढावाच लागतो. हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी नावाचा कालावधी एरिथ्रोमायसिननं लांबतो आणि फार लांबला तर ठोक्यांची जीवघेणी गडबड होऊ शकते. पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी असेल तर हा धोका वाढतो. त्यात न्यूमोनियाच्या रुग्णाला ॲझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन चालू असतं, आणि तीही क्यूटी लांबवतात. आणखी एक गोष्ट: एरिथ्रोमायसिन यकृतातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे मिडॅझोलामसारखी औषधं शरीरात जास्त काळ रेंगाळतात. रुग्ण शुद्धीवर का येत नाही म्हणून मेंदूचा सीटी स्कॅन काढायची वेळ येते, आणि कारण निघतं ते पोटाच्या औषधाचं. आपल्या रुग्णाचा क्यूटी नीट होता. मिडॅझोलाम थांबवलं आणि मेटोक्लोप्रमाइडच्या जोडीला एरिथ्रोमायसिन दोनशे मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा सुरू केलं.

पहिल्या दिवशी अॅस्पिरेट अडीचशेवर आलं, वेग चाळीसवर नेता आला. घरच्यांना वाटलं, औषध लागू पडलं, आता तेच चालू ठेवा. पण तसं करता येत नाही. ही औषधं सतत मिळत राहिली की जठर त्यांना दाद देईनासं होतं. तीन दिवसांनंतर त्यांचा परिणाम साधारण एक तृतीयांशावर उतरतो, धोके मात्र तेवढेच राहतात. म्हणून दोन-तीन दिवस द्यायची आणि बंद करायची. तेवढ्या वेळात झोपेची औषधं कमी झाली, संसर्ग आटोक्यात आला, तर जठर पुढे आपलं आपण चालतं. केसपेपरवर दहा-दहा दिवस तशीच पुढे चालत आलेली मेटोक्लोप्रमाइडची ओळ दिसली, तर ‘हे अजून लागतं का?’ असं जरूर विचारावं.

मग नळी थेट आतड्यातच का नाही घालत?

आपल्या रुग्णाच्या नशिबी तेवढं सोपं नव्हतं. औषधाच्या तिसऱ्या दिवशी संसर्ग पुन्हा उसळला, झोपेची औषधं परत वाढवावी लागली आणि अॅस्पिरेट सहाशेवर गेलं. आजारपणाचा सातवा दिवस आला होता, आणि पुरेसं फीड एकाही दिवशी गेलं नव्हतं. आता बाह्यवळण हवं होतं: पायलोरस ओलांडून लहान आतड्याच्या दुसऱ्या भागात, जेजुनममध्ये नेलेली लांब, बारीक नळी. वॉर्डात तिला एनजे ट्यूब म्हणतात. जठर थंडावलेलं असतानाही लहान आतडं बऱ्याचदा शोषण्याचं काम करत असतं, याचा हा फायदा.

मग पहिल्याच दिवशी सगळ्यांना ही नळी का नको? कारण ती घालणं सोपं नाही आणि सर्वांना तिचा फायदाही होत नाही. ऑस्ट्रेलियात १८१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, अॅस्पिरेट थोडं वाढल्याबरोबर एनजे घातलेल्या आणि जठरातूनच फीड चालू ठेवलेल्या रुग्णांना गरजेच्या जवळपास सारखंच, सत्तर टक्क्यांच्या थोडं वर, अन्न मिळालं. एनजेच्या गटात पोटातला किरकोळ रक्तस्राव मात्र जास्त दिसला. दुसरीकडे, बऱ्याच चाचण्या एकत्र पाहिल्या तर आतड्यात फीड दिल्यानं न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटतं, पण मृत्युदर बदलत नाही. म्हणून आधी साधे उपाय, आणि ते थकले किंवा फीड फुप्फुसात जाण्याचा धोका फार असेल तरच एनजे, हा क्रम मला योग्य वाटतो.

नळी घालताना आधी खाटेवरच प्रयत्न केला. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून, सिरिंजनं थोडी हवा सोडत, नळी हळूहळू पुढे सरकवली. एक्स-रेत ती जठरातच वेटोळं करून बसलेली दिसली. असं वारंवार होतं. दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपीनं, डोळ्यांना दिसत असताना ती पुढे नेली. एक्स-रेत नळी उजवीकडे जाऊन, मणका ओलांडून परत डावीकडे आलेली दिसली, म्हणजे टोक जेजुनममध्ये पोचलं. हा एक्स-रे झाल्याशिवाय थेंबभरही फीड सोडत नाहीत. आत तार असलेली ही बारीक नळी व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्याशेजारून फुप्फुसात घुसू शकते आणि फुप्फुसाला भोकही पाडू शकते. त्याच कारणानं एकदा बाहेर काढलेली तार, नळी आत असताना पुन्हा कधीही घालत नाहीत.

जुनी रायल्स ट्यूब काढली नाही. दोन नळ्या पाहून नातेवाईक हबकतात, पण जठरात रस साचतच असतो आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी. फीड खालच्या नळीतून, निचरा वरच्या नळीतून. यामुळे एक सोपी तपासणीही मिळते. वरच्या नळीतून हिरवट-पिवळा रस येतोय तोवर ठीक. तिच्यातून दुधाळ फीड यायला लागलं, तर एनजेचं टोक सरकून जठरात परत आलंय असं समजायचं आणि पंप थांबवून एक्स-रे काढायचा.

आतड्याला जठरासारखं साठवणीचं ठिकाण नाही. म्हणून दर दोन तासांनी दोनशे मिली असं ओतायचं नसतं. पंपानं अखंड, संथ सोडायचं. एकदम ओतलं तर पोटात कळा येतात, जुलाब होतात, घाम फुटून बीपी पडतं. आपल्या रुग्णाला वीसपासून सुरुवात करून दर आठ-बारा तासांनी दहानं वाढवत तिसऱ्या दिवशी ताशी साठपर्यंत नेलं. म्हणजे दिवसाला १४४० कॅलरी.

घरच्या कढणाचं उत्तरही इथेच आहे. ही नळी इतकी बारीक असते, की मिक्सरमधून काढून गाळलेली पेजही तिच्यात अडकते, आणि कुटलेल्या गोळ्या तर हमखास. दर चार तासांनी वीस-तीस मिली पाण्यानं ती धुवावी लागते. तुंबली तर बहुतेक वेळा नवी घालावी लागते, म्हणजे पुन्हा एंडोस्कोपी. शिवाय जठरातलं आम्ल मधे नसल्यानं अन्नातले जंतू थेट आतड्यात उतरतात. त्यामुळे एनजेमधून फक्त आहारतज्ज्ञानं ठरवलेलं निर्जंतुक, तयार फीडच. रायल्स ट्यूबचं ठरवायला थोडी मोकळीक असते, पण तेही विचारल्याशिवाय नको.

हे सगळं थांबवायचं कधी?

जठर मंद आहे आणि आतडं चालू आहे, या गृहीतावर वरचे सगळे उपाय उभे आहेत. आतडंच पूर्ण थंडावलं असेल, कुठे पीळ किंवा अडथळा असेल किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटत असेल, तर बाह्यवळणाचा उपयोग नाही, उलट अपाय होतो. अशा वेळी पोट ढोलासारखं फुगतं, नॉरअॅड्रेनालिन विनाकारण वाढवावं लागतं, उतरलेलं लॅक्टेट परत चढतं, शौचातून किंवा नळीतून रक्त येतं. एनजेमधून फीड चालू असताना हे जास्त डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. कारण जठरातून फीड चाललं असतं, तर ते उलटून आलं असतं आणि सूचना मिळाली असती. आतड्यात सोडलेलं फीड मुकाट साचत राहतं. शंका आली की पंप बंद, पोटाचा सीटी स्कॅन आणि सर्जनला बोलावणं, यात उशीर करायचा नसतो.

आतड्याचा मार्गच बंद झाला, तर शिरेतून संपूर्ण पोषण देता येतं. प्रथिनं, साखर आणि स्निग्ध पदार्थ असलेली ती पिशवी मोठ्या शिरेतल्या नळीतून चालते. ती महाग असते, त्या नळीतून जंतुसंसर्ग शिरू शकतो आणि साखर व यकृत यांवर लक्ष ठेवावं लागतं. तरीही तिची भीती धरून रुग्णाला आठवड्यामागून आठवडे अर्धपोटी ठेवू नये. नळीतून पुरेसं जात नसेल, तर पहिला आठवडा उलटायच्या सुमाराला तिचा निर्णय घेतात, आणि मुळात कुपोषित रुग्णात त्याहून लवकर.

आपल्या रुग्णाला ती लागली नाही. पंधराव्या दिवशी फेंटानिल बंद झालं, वरच्या नळीतून दिवसभरात दोनशे मिलीच रस आला. मग निचऱ्याची पिशवी काढून रायल्स ट्यूबला बूच लावलं, बारा तास उलटी झाली नाही, पोट फुगलं नाही. एनजेमधून चालू असलेल्या फीडपैकी ताशी वीस मिली रायल्स ट्यूबकडे वळवले, दुसऱ्या दिवशी चाळीस, आणि ते टिकल्यावर एनजे ट्यूब काढून टाकली.